‘मी बघतो’ म्हणजे कोण, काय, कधी बघणार? मीटिंगच्या मिनिट्सचे अनुभव

वहीवाला

अकरा वर्षांपूर्वी एका मीटिंगला वही फक्त मी घेऊन गेलो होतो. तेवढ्यावर मिनिट्स लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते आजतागायत. पहिली काही वर्षं मी सरकारी पत्रासारखं लिहायचो. त्यातला एक परिच्छेद मुद्दाम जपून ठेवलाय:

> ग्राहक पोर्टलच्या सर्टिफिकेटची मुदत संपत असल्याबाबत चर्चा झाली. सर्व्हर टीम व पोर्टल टीम यांनी समन्वय साधून नूतनीकरण करून घ्यावे. टेस्टिंग लवकरात लवकर पूर्ण करण्यात यावे.

भाषेत खोट काढता येणार नाही. फक्त काम कोण करणार ते कुठेच नाही. रविवारी सकाळी मुदत संपली आणि पोर्टल उघडणाऱ्या प्रत्येकाला ब्राउझर इशारा दाखवू लागला. सोमवारी दोन्ही टीमनी माझे मिनिट्स उघडले आणि दोघीही बरोबर निघाल्या. ‘समन्वय साधून’ असं मीच लिहिलं होतं, त्यामुळे दोन्हीकडची मंडळी समोरच्याच्या फोनची वाट बघत बसली होती. ‘करण्यात यावे’ या शब्दांत कर्त्याला लपायला किती छान जागा असते, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या वर्षी हाच विषय आला तेव्हा एवढंच लिहिलं (नावं बदलली आहेत):

> निर्णय: सर्टिफिकेट या वेळी हातानेच बदलायचं. आपोआप नूतनीकरण नव्या सर्व्हरवर गेल्यावर. कारण: सर्व्हर महिन्याभरात बदलतोय, दोनदा खटपट नको.
> काम: सुजाता नवं सर्टिफिकेट टेस्ट सर्व्हरवर चढवेल आणि मुदतीची नवी तारीख टीमच्या ग्रुपवर टाकेल. बुधवार 12, दुपारी 4.
> काम: इम्रान तेच चालू पोर्टलवर करेल. गुरुवार 13, सकाळी 9 च्या आधी.

चाळीस मिनिटांच्या चर्चेतून या तीनच गोष्टी निघाल्या. ‘मुदतीची नवी तारीख टाकेल’ हे शब्द मी मुद्दाम घातले. काम झालं की नाही हे कुणाला विचारावं लागू नये, डोळ्यांना दिसावं.

तुमच्याकडे काय बिघडलं आणि काय जमलं? जमल्यास खरे नमुने द्या, नावं बदलून.

---

पाचची_गाडी

आमच्याकडे ‘आपण’ नावाचा एक सहकारी आहे. निम्मी कामं त्याच्याच नावावर असतात. ‘आपण हे करून टाकू’, ‘आपण त्यांच्याशी बोलून घेऊ’. आजवर त्याला कुणी पाहिलेलं नाही.

---

सरळरेषा

निर्णय लिहायची काय गरज? मी फक्त कामांची यादी पाठवतो: नाव, काम, तारीख. पाच ओळी, खेळ खलास. लोक वाचतात तेवढंच. बाकी सगळं मीटिंगमध्ये बसलेल्यांना माहीत असतंच.

---

भिंगरी

@सरळरेषा, वर्षभर मीही असंच करत होते. मग झालं असं की एका मीटिंगमध्ये जुना रिपोर्ट बंद करायचं ठरलं. मी फक्त काम लिहिलं: ‘अमोल जुन्या रिपोर्टची लिंक काढेल, शुक्रवार’. अमोलने काढली. तीन आठवड्यांनी रजेवरून परतलेल्या एका वरिष्ठांनी विचारलं, रिपोर्ट का काढला? सहा जणांनी सहा कारणं सांगितली. एकाला खर्च आठवत होता, एकाला चुकीचे आकडे, एकाला काहीच नाही. ती चर्चा पुन्हा पहिल्यापासून झाली. पूर्ण एक तास.

आता निर्णयाची एक ओळ आणि तिच्यामागे ‘कारण’ची अर्धी ओळ असते. कोण काय म्हणालं ते लिहीत नाही. पाच ओळींचा तुमचा आग्रह मात्र पटतो, माझं अजूनही आठ-नऊच्या आत बसत नाही.

---

गणपूर्ती

विषय महत्त्वाचा आहे. मी एका संस्थेचा चिटणीस आहे. मुख्य मुद्दा सगळे विसरताहेत: ठरावाला सूचक आणि अनुमोदक यांची नावं हवीत, उपस्थितांच्या सह्या हव्यात, आणि पुढच्या सभेत मागील इतिवृत्त वाचून कायम करायला हवं. वर दिलेल्या नमुन्यात यातलं एकही नाही. असे मिनिट्स उद्या वाद झाला तर टिकतील का?

---

वहीवाला

@गणपूर्ती, तुमचं इतिवृत्त ही नोंद आहे, ते वर्षांनी कुणीतरी पुरावा म्हणून उघडणार. तिथे तुम्ही म्हणता ते सगळं हवंच. माझा कागद मात्र पुढच्या मीटिंगपर्यंतच जगतो. दोन्ही एकाच साच्यात बसवायला गेलं की दोन्ही बिघडतात, मी चार वर्षं तेच केलं.

---

गणपूर्ती

मान्य. तरी सह्या असाव्यात, असं माझं मत.

---

शेवटची_पाच_मिनिटं

बऱ्याच वर्षांपासून टीम चालवतोय, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

मिनिट्स मीटिंग संपल्यावर लिहायला बसलात तर उशीर झाला. कामाची ओळ मीटिंगमध्येच पक्की व्हावी लागते, आणि ती ज्याची आहे त्याच्या तोंडून. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवतो आणि लिहिलेली कामं मोठ्याने वाचतो. ‘नीलिमा, चाचणीचे निकाल तुझ्याकडे, गुरुवारी, बरोबर?’ यावर ती ‘हो’ म्हणाली तर ठीक. पण अनेकदा उत्तर येतं, ‘गुरुवारी? मला वाटलं नुसतं सुरू करायचंय.’ तो घोळ तिथल्या तिथे मिटतो. तोच मेलवर गेला तर तीन दिवस चालतो, आणि मग गुरुवार उजाडतो.

दुसरी भानगड हजर नसलेल्याची. खोलीत नसलेल्या माणसाच्या नावावर काम टाकायला सगळ्यांचे हात फार सैल असतात. मी ते लिहीतच नाही. लिहितो असं: ‘प्रकाश नंदाशी बोलून तिचा होकार-नकार कळवेल, सोमवार’. काम हजर असलेल्या प्रकाशचं. नंदाने हो म्हटलं की तिची वेगळी ओळ.

तिसरी गोष्ट क्रियापदांची. ‘बघणे’, ‘पाठपुरावा करणे’, ‘लक्ष घालणे’, ‘चर्चा करणे’. ही कामं कधी संपतात ते ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. यातलं काही कानावर आलं की विचारतो, झालं की आम्हाला काय दाखवशील? त्याला सांगता आलं नाही तर काम अजून त्यालाच कळलेलं नाही. अशा वेळी मोठं काम त्याच्या गळ्यात मारून उपयोग नसतो, पहिला तुकडा लिहायचा. ‘पोर्टल हळू का चालतंय ते बघणे’ याऐवजी ‘संजय सर्वात हळू उघडणारी तीन पानं शोधून यादी पाठवेल, मंगळवार’. यादी आली की पुढचं ठरवू.

एक काम सलग तिसऱ्या मीटिंगला पुढे ढकललं गेलं तर मी ते चौथ्यांदा उतरवत नाही. एक तर त्याचे तुकडे करतो, किंवा सरळ विचारतो, काढून टाकू का? निम्म्या वेळा सगळे हो म्हणतात, आणि कुणाचं काही अडत नाही.

---

तारखेचा_घोळ

तारखेबद्दल माझंही ऐका. ‘पुढच्या शुक्रवारी’ असं लिहिलं होतं. मीटिंग बुधवारी झाली. एकाने दोन दिवसांवरचा शुक्रवार धरला, मी नऊ दिवसांवरचा. शिवाय आमची निम्मी टीम दुसऱ्या टाइमझोनमध्ये, त्यामुळे ‘संध्याकाळपर्यंत’ म्हणजे कुणाची संध्याकाळ हा वेगळाच तमाशा. आता वार, तारीख, वेळ आणि कुठली वेळ, चारही लिहितो. वाचायला रुक्ष वाटतं, वाटू दे.

---

दोन_नावं

प्रत्येक कामाला मी दोन नावं लावते. एक आजारी पडला तर दुसरा असतो. वरच्यांनी एकच नाव म्हटलंय, ते मला धोक्याचं वाटतं.

---

पाचची_गाडी

@दोन_नावं, आमच्याकडे दोन नावं असली की दोघंही निश्चिंत असतात. वरची सर्टिफिकेटची गोष्ट वाचलीत ना?

---

शेवटची_पाच_मिनिटं

तुमची भीती खोटी नाही. मी असं करतो: पहिलं नाव जबाबदार, ‘सोबत’ लिहून दुसरं. विचारणा फक्त पहिल्याला. पहिला रजेवर जाणार असेल तर जाण्याआधी ओळीतलं नाव बदलून घेणं हे त्याचंच काम. अचानक आजारी पडला तर मात्र हे गडगडतं, त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

---

निळी_शाई

मला वेगळंच म्हणायचंय. आमच्या आठ जणांच्या टीममध्ये आम्ही दोघीच मुली, आणि मिनिट्स कायम आमच्याकडे. ‘तुझं अक्षर छान आहे.’ अहो, टाइप करते मी! त्रास कामाचा नाही. लिहिणारीला बोलताच येत नाही. एकदा एका चुकीच्या अंदाजावर मला आक्षेप घ्यायचा होता. पण वाक्य पुरं करेपर्यंत विषय पुढे गेला आणि तो अंदाज मी माझ्याच हाताने ‘निर्णय’ म्हणून लिहिला.

मग आळीपाळी सुरू करा म्हटलं. सुरू झाली. दोन पुरुष सहकाऱ्यांनी इतके भिकार मिनिट्स लिहिले की साहेब म्हणाले, राहू दे, पुन्हा तूच लिही. ते मुद्दाम होतं का, देव जाणे.

---

भिंगरी

@निळी_शाई, ओळखीचं आहे गं. आमच्याकडे आम्ही लिहिणं स्क्रीनवर आणलं. लिहिणारा टाइप करतो ते सगळ्यांना दिसतं, कुणीही ‘थांब, असं नाही ठरलं’ म्हणू शकतं. लिहिणाऱ्यालाही थांबवायचा हक्क आपोआप मिळतो: ‘थांबा, मी काय लिहू?’ तुला तेवढं एक वाक्य बोलायची मुभा मिळाली तरी बराच फरक पडेल. भिकार लिहिणाऱ्यांचेही मिनिट्स मग सगळ्यांच्या देखत सुधारले जातात.

---

सरळरेषा

स्क्रीनवर आम्ही करून पाहिलं. सहा जण होते तोवर झकास. मग पंधरा जणांच्या बैठकीत नेलं, आणि ‘करेल’ की ‘करणार आहे’ यावर दहा मिनिटं गेली. मोठ्या बैठकीत फक्त कामांच्या ओळी दाखवा, त्याही शेवटी.

आणि @भिंगरी, कालपासून ‘कारण’ लिहायला लागलोय. सात ओळी झाल्या.

---

नवीन_भरती

मी रुजू होऊन दोनच महिने झाले. आमचे साहेब म्हणतात सगळं लिही, कोण काय म्हणालं तेही, म्हणजे नंतर कुणी नाकारणार नाही. चार पानं होतात, पाठवायला दोन दिवस लागतात आणि कुणी उघडत नाही. त्यांना नाही कसं म्हणू?

---

वहीवाला

@नवीन_भरती, नाही म्हणू नका. चार पानं तशीच ठेवा, पण त्यांच्या डोक्यावर निर्णय आणि कामं एवढ्याच ओळी घाला आणि तेवढंच त्याच दिवशी पाठवा. ‘सविस्तर नोंद मागाहून’ असं खाली लिहा. चूक असेल तर उद्या दुपारपर्यंत कळवा, हेही लिहा. सविस्तर नोंद कितीजण मागतात ते महिनाभर बघा आणि मग साहेबांना आकडा सांगा.

---

नवीन_भरती

आज तसं केलं. पहिलं उत्तर साहेबांचंच आलं: ‘माझ्या नावावर हे काम कुणी टाकलं?’

---

शेवटची_पाच_मिनिटं

वाचून दाखवलं होतंस का?

---

नवीन_भरती

साहेब शेवटची पाच मिनिटं फोनवर होते.