मदत हवी आहे: कंडक्टिव्हिटी तिप्पट केली, zT निम्म्याहून खाली गेला

वर्धारोडवाला
परवा गाईडना आकडे दाखवायचे आहेत आणि मी अडकलोय. थर्मोइलेक्ट्रिक नमुन्यात आयोडीन वाढवलं, कंडक्टिव्हिटी तिप्पट झाली, पण zT 0.97 वरून 0.40 वर आला. zT = S²σT/κ मध्ये σ वरच आहे ना? मग चुकतंय कुठे?

थंडगार
मटेरियल कोणतं? तापमान? सीबेक किती आला? काहीच लिहिलं नाहीस भाऊ.

वर्धारोडवाला
बिस्मथ टेल्युराइड, एन-टाइप, 300 केल्विन. सीबेक उणे 220 वरून उणे 110 मायक्रोव्होल्टवर. σ 1 लाखावरून 3 लाख सीमेन्स प्रति मीटर. κ 1.5 वरून 2.7.

सीताबर्डीकर
मी टिनाच्या छपराखाली पेल्टियरच्या पट्ट्या चिकटवल्या. मे महिन्यात एवढं तापतं, पण छोटा पंखाही फिरून नाही राहिला. याला कोणतं मटेरियल घेऊ?

थंडगार
काका, पट्टीच्या दोन्ही बाजू सारख्याच तापल्या तर काय मिळणार? दुसरी बाजू थंड ठेवावी लागते. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

मिलवाला
κ वाढला ना? बॉल मिलिंग कर. दाणे बारीक झाले की फोनॉन अडतात. मी दोन वर्षं हेच करून राहिलो.

जोशीकाका_निवृत्त
मिलिंगने लॅटिसचा वाटा उतरतो, खरं आहे. पण इथे वाढलाय तो वाटा लॅटिसचा नाहीच. सीबेक निम्मा झाला की त्याचा वर्ग पाव होतो. σ तिप्पट धरूनही वरचा गुणाकार पाऊणच उरतो. शिवाय इलेक्ट्रॉन वीज नेतात तशी उष्णताही नेतात. विडेमान-फ्रान्झने काढून बघ: त्यांचा वाटा 0.5 वरून 1.7 वर गेलाय, लॅटिस दोन्हीकडे 1.0 च आहे. आयोडीन जास्त पडलंय, ते कमी कर.

मिलवाला
मग लॅटिस 0.6 वर आणलं तरी फरक नाही म्हणता?

जोशीकाका_निवृत्त
जुन्या नमुन्यात 1.3 मिळेल, नव्यात जेमतेम 0.47. तेही दाण्यांच्या सीमांवर इलेक्ट्रॉन अडखळले नाहीत तर. वर्धारोडवाला, σ आणि κ एकाच दिशेने मोजलेत का?

वर्धारोडवाला
बार गोळीतून आडवा कापला. लेझर फ्लॅश जाडीतून.

जोशीकाका_निवृत्त
मग 0.97 सुद्धा फुगलेला असू शकतो. हॉट प्रेसमध्ये थर दाबाला आडवे बसतात; आडवी वीज जास्त वाहते, उभी उष्णता कमी. तू दोन्ही दिशांचं चांगलं तेवढं घेतलंस.

मिलवाला
आमच्या लॅबमध्ये सगळे असंच मोजतात. पावडर नीट मिल केली की दिशा उरत नाही.

जोशीकाका_निवृत्त
एक्स-रेमध्ये 00l च्या रेषा दोन्ही पृष्ठांवर ताडून बघा, मग सांगा उरते की नाही.

वर्धारोडवाला
माझी गोळी 2 मिलिमीटरच जाड आहे, उभा बार निघतच नाही. परवापर्यंत काय करू?

जोशीकाका_निवृत्त
परवा दोन्ही दिशा लिहूनच आकडे दाखव. पुढची गोळी उंच दाब, 12 मिलिमीटर तरी.