मदत हवी आहे: पगाराच्या पावतीवर "शिकागो", पण हॉटेल नक्की शिकागोच्या हद्दीत आहे का?

सावनी_क

नमस्कार मंडळी. माझी भाची अमेरिकेत ओहेअर विमानतळाजवळच्या एका हॉटेलात फ्रंट डेस्कवर काम करते. हॉटेल हिगिन्स रोडवर आहे. हॉटेलच्या नावात "शिकागो", संकेतस्थळावर "शिकागो" आणि पगाराच्या पावतीवरच्या पत्त्यातही "शिकागो". पण तिला तासाला १५ डॉलर मिळतात. तिच्या मैत्रिणीने सांगितलं की शिकागो शहराच्या हद्दीत १ जुलै २०२५ पासून किमान वेतन १६.६० डॉलर आहे, आणि १५ डॉलर हे इलिनॉय राज्याचं किमान वेतन आहे. मॅनेजरला विचारलं तर तो म्हणतो, "आपण शिकागोत नाही, रोझमाँट गावात आहोत."

आठवड्याला चाळीस तास धरले तर वर्षाला ३,३२८ डॉलरचा फरक पडतो. पोरगी घरभाडं भरून शिकते आहे, त्यामुळे तिच्यासाठी ही रक्कम फार मोठी आहे. हद्दीची खात्री कशी करायची? मॅनेजरच्या तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही आणि उगाच आरोपही करायचा नाही. पुरावा कुठे मिळेल?

पिंपळपान

सावनीताई, हे सोपं आहे. त्या भागात शिकागोच्या मेट्रोची ब्लू लाइन जाते. शिवाय घरांचे क्रमांकही शिकागोच्याच मोजणीतले, म्हणजे ८५००, ९३०० असे चढत जातात. शहराची गाडी आणि शहराचेच घरक्रमांक, म्हणजे जागाही शहरातच. मॅनेजर टोलवतोय.

धोंडोपंत_७२

आमच्या प्लॉटचंही हेच झालं होतं. निम्मा ग्रामपंचायतीत, निम्मा महापालिकेत. सातबारा काढा आणि तलाठ्याकडून गट नंबर तपासून घ्या. ग्रामपंचायतीत असाल तर घरपट्टी कमी पडेल, तेव्हा तक्रार न करणंच बरं.

सावनी_क

धोंडोपंतकाका, धन्यवाद, पण प्रश्न अमेरिकेतल्या जागेचा आहे आणि जमीन आमची नाही. भाची तिथे नोकरीला आहे. प्रश्न फक्त पगाराचा आहे.

हद्दनिशाणी

मी त्याच परगण्यात नकाशांचं काम बरीच वर्षं केलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पिंपळपान, ब्लू लाइन तिथून जाते, हे तुमचं म्हणणं बरोबर. तिचं रोझमाँट नावाचं स्थानकही आहे. पण ते स्थानक रोझमाँटमध्येच आहे. गाडी शहराची असली तरी ती हद्द ओलांडून जाते. घरक्रमांकांची मोजणीही आसपासच्या कित्येक गावांनी शिकागोचीच पुढे चालवली आहे. या दोन्ही गोष्टींवरून हद्द ठरत नाही.

हा भाग इतका गोंधळाचा का आहे तेही सांगतो. विमानतळ शहरापासून तुटक होता. एखादी जागा शहरात सामील करून घ्यायची तर ती शहराला लागून असावी लागते, असा इलिनॉयचा कायदा आहे. म्हणून १९५० च्या दशकात शिकागोने विमानतळापर्यंत जमिनीची एक चिंचोळी पट्टी आपल्यात घेतली. आज ही पट्टी डेस प्लेन्स नदीपासून विमानतळापर्यंत फॉस्टर अव्हेन्यूने जाते आणि तिची रुंदी साधारण २०० फूट आहे. तिच्या उत्तरेला रोझमाँट, दक्षिणेला शिलर पार्क नावाचं गाव. १९५६ सालीच रोझमाँट स्वतंत्र गाव म्हणून नोंदलं गेलं. म्हणजे पूर्वेकडून निघालात तर आधी शिकागो लागतं, नदीच्या आसपास रोझमाँट सुरू होतं आणि त्याच्या पश्चिमेला विमानतळाशी पुन्हा शिकागो. हिगिन्स रोड यातून सरळ जातो. त्याच रस्त्यावर काही हॉटेलं शिकागोत आहेत, काही रोझमाँटमध्ये. त्यामुळे नुसतं "हिगिन्स रोड" म्हटल्याने काहीच कळत नाही.

आणि धोंडोपंत, तिथलं "व्हिलेज" म्हणजे मोठ्या शहराच्या हाताखालची ग्रामपंचायत नव्हे. रोझमाँटची वस्ती चार हजारांच्या आसपास आहे, पण त्यांचे पोलीस वेगळे, कर वेगळे आणि नियमही वेगळे. शिकागोच्या नगरपरिषदेचा वेतनाचा ठराव नदीपलीकडे त्यांना लागू होत नाही.

ऋचा_देव

मग पिनकोड बघा ना. शिकागोचे जवळजवळ सगळे ६०६ ने सुरू होतात. रोझमाँटचा ६००१८ आहे. पत्त्यात जो असेल त्यावरून निकाल लागेल.

हद्दनिशाणी

ऋचा, अंदाज बांधायला पिनकोड चांगला आहे, पण निकालाला पुरत नाही. पिनकोड टपाल वाटण्याच्या सोयीसाठी आखलेला असतो. ६००१८ हाच पिन रोझमाँटलाही आहे आणि शेजारच्या डेस प्लेन्स शहरालाही. उलट बाजूने, नॉरिज आणि हारवुड हाइट्स ही दोन गावं चारही बाजूंनी शिकागोने वेढलेली आहेत, तरी ती शिकागोत नाहीत. तिथल्या लोकांना "शिकागो" लिहिलेली पत्रं येतातच. पत्त्यातलं शहराचं नाव टपाल खात्याच्या सोयीचं असतं. पगाराच्या पावतीवर ते आलं म्हणून हद्द सिद्ध होत नाही. हॉटेलच्या नावातलं "शिकागो" तर निव्वळ जाहिरात.

सावनीताई, भाचीला असं करायला सांगा. अमेरिकी जनगणना खात्याचं एक मोफत साधन आहे: geocoding.geo.census.gov/geocoder. तिथे Find Geographies खाली आधी पत्ता टाकून बघायचा. निकालात Incorporated Places असा भाग येतो. त्यात "Chicago city" आहे की "Rosemont village", ते वाचायचं.

पण एवढ्यावर थांबू नका. पत्ता टाकला की हे साधन रस्त्याच्या दोन टोकांच्या क्रमांकांमध्ये प्रमाण लावून बिंदू ठरवतं, त्यामुळे तो इमारतीवर पडेलच असं नाही. हद्दीजवळ पन्नास-साठ फुटांनीही उत्तर बदलू शकतं. म्हणून दुसऱ्यांदा Geographic Coordinates निवडायचं आणि उपग्रह नकाशावर इमारतीच्या छपराच्या मधोमध बोट ठेवून मिळालेले आकडे टाकायचे. इथे बहुतेक जण चुकतात: X म्हणजे रेखांश, आणि अमेरिकेत तो उणे असतो. Y म्हणजे अक्षांश. आधी विमानतळाचा बिंदू टाकून पारखून घ्या:

```
X: -87.9048
Y: 41.9786
```

याला "Chicago city" यायला हवं. ते आलं की मग हॉटेलचे आकडे टाका.

सावनी_क

भाचीने दोन्ही करून पाहिलं. विमानतळाला "Chicago city" आलं. हॉटेलचा पत्ता टाकून "Rosemont village" आलं आणि छपराच्या आकड्यांनीही तेच. म्हणजे मॅनेजर खरं बोलत होता? पण जनगणना खात्याचा नकाशा कायद्याने ग्राह्य आहे का?

हद्दनिशाणी

चांगला प्रश्न विचारलात. नाही. जनगणना खातं स्वतःच सांगतं की या सीमा आकडेवारीसाठी आहेत, कायदेशीर हद्द ठरवण्यासाठी नाहीत. खातं दरवर्षी स्थानिक संस्थांकडून सीमांचे बदल मागवतं, पण नुकतीच एखादी जागा सामील झाली असेल तर ती नकाशात यायला वेळ लागतो. तुमच्या बाबतीत दोन्ही निकाल जुळले आणि इमारत सीमारेषेपासून लांब असेल, तर मला शंका वाटत नाही.

तरी कागद हवा असेल तर कुक परगण्याच्या करखात्याकडे त्या जमिनीचा चौदा आकडी क्रमांक मिळतो. त्यावरून मालमत्ताकराच्या बिलात कोणकोणत्या संस्था कर घेतात ते दिसतं. यादीत "City of Chicago" आहे की "Village of Rosemont", हा माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा. कारण ज्या संस्थेच्या हद्दीत जमीन नाही, तिला त्या जमिनीवर कर बसवता येत नाही.

आणखी एक सोपी खूण आहे. शिकागोत धंदा करणाऱ्याला शहराचा परवाना दर्शनी भागात लावावा लागतो आणि शहराच्या किमान वेतनाची सूचना कर्मचाऱ्यांना दिसेल अशी लावावी लागते. विश्रांतीच्या खोलीत ती सूचना नसेल तर तेही रोझमाँटशी जुळतं. मात्र सूचना नाही म्हणजे शहर नाही, असं त्यावरून ठरवू नका. लावायची असून न लावणारेही असतात.

पिंपळपान

मान्य, माझं चुकलं. पण मग विमानतळ शहराच्या मालकीचा आहे म्हणून शहरात आला ना? मालकी बघितली तर सोपं पडणार नाही का?

हद्दनिशाणी

मालकीचा उपयोग नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ सॅन फ्रान्सिस्को शहराच्याच मालकीचा आहे, पण तो शहराच्या हद्दीबाहेर, सॅन मटेओ परगण्यात आहे. ओहेअर मात्र शिकागोने रीतसर सामील करून घेतला. मालक कोण आणि हद्द कुणाची, या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

सावनी_क

सगळ्यांचे मनापासून आभार. करबिल शोधायला तिला सांगते. आता तिनेच एक नवी गोष्ट सांगितली. याच मालकाचं दुसरं हॉटेल नदीच्या पूर्वेला आहे. तिथे माणूस कमी पडला की तिला अधूनमधून एकेका पाळीसाठी पाठवतात. तिथले आकडे टाकले तर "Chicago city" येतं. पगार मात्र तोच, १५ डॉलर.

हद्दनिशाणी

ताई, मग खरा मुद्दा इथे आहे! शिकागोचा ठराव कंपनीचं कार्यालय कुठे आहे ते बघत नाही. माणूस काम करताना प्रत्यक्ष कुठे होता ते बघतो. कोणत्याही दोन आठवड्यांत शहराच्या हद्दीत निदान दोन तास काम केलं असेल, तर हद्दीतल्या तासांना शहराचा दर लागू होतो. रोझमाँटमधल्या तासांना नाही, पण पलीकडच्या पाळीच्या तासांना होतो. मालकाकडे चार किंवा जास्त कर्मचारी असावे लागतात, आणि दोन हॉटेलं चालवणाऱ्याकडे ते असणारच. तक्रार शहराच्या ३११ क्रमांकावरून कामगार मानक कार्यालयाकडे करता येते.

ऋचा_देव

हॉटेलची व्हॅन चालवणाऱ्यांचं काय? ते तर दिवसभर रोझमाँट ते विमानतळ फेऱ्या मारतात, म्हणजे अर्धा वेळ शिकागोत.

हद्दनिशाणी

पगारी प्रवासाचा वेळ शहरात गेला तर तोही धरतात. घरून कामावर यायचा वेळ धरत नाहीत. पण फेरीतली किती मिनिटं हद्दीच्या आत गेली, हे कोण मोजून ठेवतं? त्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.

सावनी_क

आमचीही अडचण तीच आहे. तिच्या हजेरीपत्रकात तास आहेत, पण कोणत्या हॉटेलात ते लिहिलेलं नाही. पाळी बदलल्याचे मॅनेजरचे मेसेज मात्र फोनवर आहेत. ते पुरावा म्हणून चालतील का, कुणाला अनुभव आहे?

धोंडोपंत_७२

मेसेज अजिबात पुसू देऊ नका. तारखेसकट स्क्रीनशॉट काढून दुसरीकडेही ठेवा. आमच्या प्लॉटच्या प्रकरणात शेवटी जुन्या पावत्याच कामी आल्या.