मदत हवी आहे: ग्राहकाचा मेल सडेतोड राहावा, पण तुटक वाटू नये

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून पुण्याच्या ग्राहकाला आज मेल जायचा आहे. कच्चा मजकूर असा:

"ड्रॉइंग तुम्ही उशिरा बदललंत. १५ तारखेला माल मिळणार नाही. कोअर बॉक्सचा खर्च तुम्हीच द्या."

तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्या गाळायच्या नाहीत. खटकतो तो बोट दाखवणारा 'तुम्ही' आणि कारण न देता केलेला नकार. म्हणून असं बदललं:

"सुधारित ड्रॉइंग ८ तारखेला मिळालं. आतला बोअर वाढल्याने कोअर बॉक्स नवा करावा लागेल, त्यामुळे माल १५ ऐवजी २४ तारखेला पाठवू. कोअर बॉक्सचा खर्च ₹१८,००० असून तो बिलात वेगळा लावू. १० तारखेपर्यंत मंजुरी कळवावी, म्हणजे ही तारीख पाळता येईल."

'क्षमस्व' मुद्दाम घातलेलं नाही. चूक आपली नसताना ते लिहिलं की खर्चाचं बोलणं निघाल्यावर तेच वाक्य पुढे केलं जातं.

अडलंय 'कळवावी'वर. ते हुकमी वाटतं का? 'कळवल्यास बरे होईल' लिहिलं तर १० तारीख ऐच्छिक वाटते. फोनवर आपण 'कळवा की हो' म्हणतो. त्यातला 'की' लेखी मराठीत कसा आणायचा?