अनुभव धागा: गिझर टाकीच्या जॉइंटला गळतोय, घरमालकांना काय लिहिलंत?

पाथर्डीफाटेकर: पंधरा लिटरचा गिझर, मालकांचाच. खालून थेंब थेंब पडतंय, काकांना फोन केला तर 'बघू' म्हणाले. आता लेखी कळवायचंय. तुमचे अनुभव टाका.

गंगापूररोडची: आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी सेम. मी आधी नुसतं 'गिझर लीक आहे' असं लिहिलं, तर काकूंनी नळवाला पाठवला, त्याने पाइपचा नट आवळला, अडीचशे घेतले आणि दुसऱ्या दिवशी परत थेंब. मग मीच एमसीबी पाडला, गिझर गार होऊ दिला, खालचं झाकण काढून सगळं कोरडं पुसलं आणि दोन्ही पाइपांच्या नटांना आणि एलिमेंट बसवलेल्या फ्लँजला टिशूची एकेक पट्टी गुंडाळली. अर्ध्या तासाने फ्लँजचीच भिजली होती, म्हणजे गॅस्केट गेलेलं. मग पत्र असं:

'काकू, नमस्कार. १२ तारखेपासून बाथरूममधला गिझर खालच्या फ्लँजपाशी गळतोय, दिवसाला साधारण अर्धा मग पाणी पडतं. ते वायरींच्या अगदी जवळ असल्याने गिझर बंद ठेवलाय. फोटो जोडलेत. कंपनीचा माणूस बोलवून गॅस्केट बदलून घ्यावं, टाकीच सडली असेल तर गिझर बदलावा. शनिवार-रविवारी मी घरी आहे.'

चार दिवसांत काम झालं. मापाला मग लिहिला ना, त्याचाच फोन आला काकूंचा!

सातपूरचा मेकॅनिक: ताईंनी बरोबर केलं. फक्त पट्टीला हात लावताना पण एमसीबी बंदच हवा. दोन्ही नट आणि फ्लँज कोरडे, तरी बॉडीच्या सांध्यातून तांबूस पाणी येत असेल तर आतली टाकी गेली. एम-सील लावून ती थांबत नाय, बदलायलाच लागते. बोअरचं पाणी असेल तर लवकर जाते. बिल शोधा, टाकीची वॉरंटी बाकीपेक्षा जास्त वर्षं असते.

नाशिकरोडकर: आमचा फक्त पाणी तापताना गळायचा. व्हॉल्व्ह बदलला, तरी गळतोच.

सातपूरचा मेकॅनिक: अहो तो सेफ्टी व्हॉल्व्ह, तापताना थोडं सोडणारच. तोंड बंद करू नका फक्त.

सिडको_आजोबा: भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, मग स्वतः दुरुस्त करून भाड्यातून कापावं. कायदाच आहे.

गंगापूररोडची: आजोबा, ते १९९९ च्या भाडे कायद्यात आहे खरं, पण वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच. आणि हल्ली सगळ्यांचं अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, त्याला लागू होतं का यावर आमचे वकीलच गोलगोल बोलले. मी कापायच्या भानगडीत पडले नसते.

पंचवटी_पोरगा: आमच्या मालकाने तर डिपॉझिटमधून पंख्याचे पण पैसे कापले!!

पाथर्डीफाटेकर: पंख्याचा वेगळा धागा काढ रे. पट्ट्या लावल्या, तिन्ही कोरड्या, आणि खाली फरशीवर तांबूस डाग. तसंच लिहून पाठवलं. काकांचं उत्तर, 'रविवारी येऊन बघतो, तोवर एम-सील लाव'.