शब्दचर्चा : निविदेतील ‘हानींचे भांडवली मूल्य’

पानगळ : ट्रान्सफॉर्मर खरेदीच्या एका निविदेत ‘देकाराची तुलना हानींचे भांडवली मूल्य मिळवून केली जाईल’ असे वाक्य आहे. ही रक्कम पुरवठादाराला मिळते का? आणि निर्भार हानी व भार हानी यांचे दर इतके वेगळे का?

जमाखर्च : लेखाशास्त्रात भांडवलीकरण म्हणजे खर्च मालमत्तेच्या किमतीत धरणे. त्यामुळे ही रक्कम ताळेबंदात ट्रान्सफॉर्मरच्या किमतीत मिळवली जात असावी आणि तिच्यावर घसारा लागत असावा.

मेगर : तसे होत नाही. ही रक्कम कोणाला दिली जात नाही आणि ताळेबंदातही येत नाही. ती फक्त देकारांचा क्रम लावण्यासाठी काढतात, आणि खरेदीचा आदेश देकारातल्या किमतीनेच निघतो. पुढची काही वर्षे हानीत जाणाऱ्या विजेची किंमत आजच्या मूल्यात आणून ती खरेदीच्या किमतीशेजारी मांडायची, एवढाच हेतू असतो.

दर असा निघतो. गाभ्यातली निर्भार हानी ट्रान्सफॉर्मर जोडलेला असेपर्यंत, म्हणजे वर्षाचे ८,७६० तास होत राहते. एक वॅट वर्षभर गेला की ८.७६ युनिटे होतात. वीज ५ रुपये युनिट धरली तर ते ४३ रुपये ८० पैसे झाले. आयुष्य २५ वर्षे आणि व्याज १० टक्के घेतल्यास त्याला सुमारे ९.०८ ने गुणायचे, म्हणजे निर्भार हानीच्या प्रत्येक वॅटला ३९८ रुपये.

भार हानी मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. तिच्यासाठी भार घटकावरून, म्हणजे सरासरी भार कमाल भाराच्या किती पट आहे त्यावरून, हानी घटक काढतात; सरासरी भार हानी कमाल भाराच्या वेळच्या हानीच्या किती पट, ते तो सांगतो. आपल्याकडच्या निविदांत भार घटकाचा ०.२ पट आणि त्याच्या वर्गाचा ०.८ पट यांची बेरीज घेण्याचा प्रघात आहे. भार घटक ०.४ असेल तर ती ०.२०८ येते आणि वॅटचा दर ८३ रुपयांवर उतरतो.

कंत्राटी : एवढा खटाटोप कशाला? पूर्ण भारावर ज्याची एकूण हानी कमी तो चांगला, आणि किंमतही कमी असेल तर प्रश्नच मिटला.

मेगर : आकडे मांडून बघा. आकडे कल्पित आहेत, १०० केव्हीएच्या वितरण ट्रान्सफॉर्मरचे. ‘क’चा देकार १,९०,००० रुपयांचा, निर्भार हानी २०० वॅट, भार हानी १,०५० वॅट. ‘ख’चा देकार १,९६,००० रुपयांचा, हानी अनुक्रमे १४० आणि १,२५० वॅट. तुमच्या कसोटीने ‘क’ दोन्हीकडून जिंकतो. पण वरील दरांनी ‘क’ची बेरीज ३,५६,७५० आणि ‘ख’ची ३,५५,४७० येते. हाच भार घटक ०.६ धरला की भार हानीचा दर १६२ रुपये होतो आणि ‘क’ १४,५२० रुपयांनी स्वस्त ठरतो.

कंत्राटी : म्हणजे सगळा खेळ भार घटकाचा. मग तो ठरवतो कोण?

मेगर : खरेदीदार, आणि तिथेच चूक होते. जुन्या निविदेतला आकडा तसाच उचलला जातो, वितरण ट्रान्सफॉर्मरवरच्या डीटी मीटरच्या नोंदी कोणी उघडत नाही. शिवाय वरचे सूत्र कमाल भार पूर्ण क्षमतेइतका आहे असे गृहीत धरते. कमाल भार ८० टक्केच असेल, तर भार हानीच्या दराला आणखी ०.६४ ने गुणायला हवे. ते बहुतेक ठिकाणी राहून जाते, आणि मग तांब्यावर जास्त खर्च करणारा देकार नाहक पुढे सरकतो.

पानगळ : देकारात हानी मुद्दाम कमी लिहिली तर?

मेगर : लिहितात. म्हणून कारखान्यातल्या चाचणीत निर्भार हानी निर्धारित व्होल्टेजला मोजतात, भार हानी ७५ अंश सेल्सिअसला आणून मांडतात, आणि हमीपेक्षा जास्त निघालेल्या प्रत्येक वॅटचे पैसे निदान त्याच दराने बिलातून कापण्याची अट घालतात. पानगळ, तुमच्या पहिल्या प्रश्नात एवढी दुरुस्ती : ही रक्कम पुरवठादाराला कधीच मिळत नाही, पण तिचा दर त्याच्याकडून वसूल मात्र होऊ शकतो. हमीपेक्षा कमी हानी निघाली तर सहसा जादा काही मिळत नाही.

जमाखर्च : मग शीर्षकात ‘मूल्यांकनापुरते भांडवली मूल्य’ असे लिहावे, आमच्या खात्यातल्या लोकांचा घोटाळा होणार नाही.

उन्हाळी : आमचा सौर प्रकल्प आहे. रात्री पॅनेल बंद असतात, पण ट्रान्सफॉर्मर ग्रिडला जोडलेलाच राहतो. सल्लागाराने निर्भार हानीला दिवसाचेच तास धरले आहेत.

मेगर : रात्री तो खरोखर तोडत असाल तरच ते बरोबर. जोडलेला राहत असेल तर पूर्ण तास धरा.

उन्हाळी : तास समजले, दर कोणता? दिवसा हानीत गेलेली वीज आमच्या विक्रीदराने तुटते, पण रात्रीची आम्ही ग्रिडकडून महाग घेतो.

मेगर : मी दोन वेगळे दर लावून बेरीज करीन.

कंत्राटी : मी नाही. रात्रीचा दर २५ वर्षे हाच राहील हे कशावरून? दिवसाचा दर निदान करारात बांधलेला असतो.