मदत हवी आहे: गावच्या बोलेरोला बॅटरी कट-ऑफ स्विच

गावी डिझेल बोलेरो महिना-महिना उभी असते. सगळं बंद करूनही मल्टिमीटरवर ६० मिलिअँपिअर करंट जातोय, म्हणजे दिवसाला साधारण दीड अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासाची बॅटरी महिन्यात स्टार्टर फिरवण्याच्या लायकीची उरत नाही.

निगेटिव्हला स्विच बसवायचाय. त्या बाजूला पाना बॉडीला टेकला तरी शॉर्ट होत नाही. पण बाजारातले लाल चावीचे स्वस्त स्विच डिझेल स्टार्टरचा करंट पेलतात का? संपर्क तापून क्रँकिंग मंदावल्याचा कुणाला अनुभव आहे? सेल मारताना स्विचच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट पडतात, कुणी मोजलेत का? टिकाऊ स्विच सुचवा. पावसाळ्याआधी बसवायचाय.