मिरचीवाल्या दादांची रिक्षा आणि "कांडप फ्री"

गाळा ३ मिरचीवाले दादा: नमस्कार सर्वांना. कालपासून आपली रिक्षा फिरतेय अनाउन्समेंटची, पण सकाळपासून सात-आठ जण घरची मिरची घेऊन आले आणि म्हणतात कांडप फ्री करून द्या. ऑफर तशी नाहीये हो. आपल्याकडून पाच किलो मिरची घेतली तर कांडप फ्री आहे. एक मावशी तर चिडूनच गेल्या, मला फार वाईट वाटलं. स्क्रिप्टमध्ये काय चुकलं बघता का कोणी

बी-४०२ काकू: अहो दादा मी पण तेच ऐकलं, कांडप फ्री. मी तर देठ खुडायला बसणार होते

ए-२०३ ताई: स्क्रिप्ट टाका ना इथे, वाचून बघतो

गाळा ३ मिरचीवाले दादा: "सुवर्णसंधी, सुवर्णसंधी, सुवर्णसंधी! सर्व ग्राहक बंधू-भगिनींना कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की आपल्या सेवेत गेली अनेक वर्षे कार्यरत असलेल्या आमच्या दुकानात उत्तम प्रतीची ब्याडगी, संकेश्वरी व लवंगी मिरची तसेच सर्व प्रकारचे खडे मसाले उपलब्ध असून पाच किलो व त्यावरील मिरची खरेदीवर कांडप फ्री, कांडप फ्री, कांडप फ्री! पत्ता, सर्व्हे नंबर ४७/२अ, शॉप नंबर ३, तळमजला, जुना जकात नाका रोड. वेळ ९ ते १ व ४ ते ८, गुरुवार बंद. संपर्क..." आणि पुढे मोबाईल नंबर

सी-१०१ काका: दादा, मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. तुमचं लिखाण वाचायला ठीक आहे पण भोंग्यावर ते पोचणार नाही. किती सेकंदांचं झालंय रेकॉर्डिंग?

गाळा ३ मिरचीवाले दादा: ७० सेकंद काका

सी-१०१ काका: मग इथेच घोळ आहे बघा. रिक्षा ताशी पंधरा किलोमीटरने जरी गेली तरी सेकंदाला चार मीटर पुढे सरकते. आपल्या गल्लीत खिडकीत उभं राहून मी काल ऐकलं, आधी पन्नास मीटर आणि पुढे गेल्यावर पन्नास मीटर एवढाच आवाज नीट कळतो, त्याच्या अलीकडे पलीकडे नुसता गोंगाट. म्हणजे शंभर मीटर, पंचवीस सेकंद. सत्तरातले पंचवीसच एका घराला मिळतात आणि कुठले मिळतील ते आपल्या हातात नाही. कुणाला नुसती सुवर्णसंधी मिळाली, कुणाला सर्व्हे नंबर, आणि काकूंना मिळालं कांडप फ्री कारण ते तुम्ही तीनदा ओरडलात आणि अट एकदाच सांगितलीत

ए-२०३ ताई: बरोबर, अट वाक्यात आधी येऊन गेली आणि फ्री शेवटी राहिलं. माणूस "फ्री" ऐकून कान टवकारतो तोवर अट निघून गेलेली असते

सी-१०१ काका: अगदी तेच. स्टँडवर आम्ही गाडी कुठे जाते ते आधी सांगायचो, फलाट नंतर, आणि परत दोन्ही एकदा. कारण पहिले दोन शब्द कुणी ऐकतच नाही, आवाज कुठून येतोय ते बघण्यात जातात. दादा, फ्री शब्द सुटा टाकूच नका, मिरची घेण्याला चिकटवूनच टाका. "इथे मिरची घ्या, इथेच कांडून न्या" म्हणा, म्हणजे अर्धं ऐकलं तरी अर्थ उलटा होत नाही

बी-४०२ काकू: आणि दादा तो पत्ता. सर्व्हे नंबर कुणाला कळतोय? जकात बंद होऊन किती वर्षं झाली, नवीन बिल्डिंगमधल्या मुलींना जकात नाका कुठे ते माहीतच नाही. आम्ही सगळ्या "टाकीसमोरचं कांडप" असंच म्हणतो

सी-१०१ काका: काकू लाख बोललात. दादा तेच नाव वापरा. डावीकडे उजवीकडे नको, कुठून येतोय त्यावर बदलतं. टाकी आणि मेडिकल पुरे. मोबाईल नंबर पण काढा, दहा आकडे चालत्या रिक्षातून कोण लिहून घेतंय. रिक्षाच्या मागे बॅनर आहे ना, तिथे मोठा लिहा. "नऊ ते एक व चार ते आठ" मधला "व" भोंग्यावर ऐकूच येत नाही, "मग" म्हणा. आणि सकाळी, रात्री हे शब्द लावाच

गाळा ३ मिरचीवाले दादा: मी लिहून पाहतो

गाळा ३ मिरचीवाले दादा: "टाकीसमोरचं मिरची कांडप! इथे पाच किलो मिरची घ्या, इथेच कांडून न्या, कांडपाचे पैसे नाहीत. मिरची घरची असेल तर कांडपाचे पैसे पडतील. टाकीसमोर, मेडिकलच्या शेजारी. सकाळी नऊ ते रात्री आठ. दुपारी एक ते चार बंद. गुरुवारी बंद." बरं आहे का

सी-१०१ काका: छान, चाळीसच्या आत शब्द आहेत. सावकाश म्हटलं तर वीस-बावीस सेकंदात बसेल. रेकॉर्ड करा, मागे गाणं नको, आणि इथे पाठवा. आधी काकूंना ऐकवू. काकू, मोबाईल गॅलरीत ठेवून तुम्ही आत स्वयंपाकघरात उभ्या राहा, मिक्सर चालू करा आणि जे ऐकलं ते लिहा, मनाने भर घालू नका

बी-४०२ काकू: ऐकलं. टाकीसमोर, मेडिकल, पाच किलो मिरची, पैसे नाहीत, घरची असेल तर पैसे पडतील. सकाळी नऊ. दुपारी एक ते चार चालू. गुरुवार

ए-२०३ ताई: काकू एक ते चार बंद आहे 😀

बी-४०२ काकू: बंद ऐकूच आलं नाही गं

सी-१०१ काका: हे बरं झालं कळलं. वाक्याच्या शेवटी दादांचा आवाज खाली पडतो, "बंद" तिथेच बुडतो आणि उरते नुसती वेळ, मग लोक भर उन्हात दोन वाजता येणार मिरच्यांचं पोतं घेऊन. बंद वेळ सांगूच नका, चालू तेवढी सांगा. "सकाळी नऊ ते दुपारी एक. मग दुपारी चार ते रात्री आठ." आणि गुरुवारी बंद असं न म्हणता "सुट्टी गुरुवारी", सुट्टी आधी. परत घ्या रेकॉर्डिंग, शेवटचा शब्द पहिल्याइतकाच जोरात

बी-४०२ काकू: आता आलं. नऊ ते एक, चार ते आठ, गुरुवार सुट्टी. मिक्सर चालू असून आलं

ए-२०३ ताई: दादा परवानगी घेतलीय ना पोलीस स्टेशनची? आणि शाळा, हॉस्पिटलच्या शंभर मीटरमध्ये भोंगा बंद ठेवायला सांगा रिक्षावाल्याला, ते शांतता क्षेत्र असतं. रात्री दहानंतर तर नाहीच

गाळा ३ मिरचीवाले दादा: परवानगी आहे ताई. शाळेचं आजच सांगतो त्याला

सी-१०१ काका: चौकात थोडं थांबून दोनदा पूर्ण वाजवायला पण सांगा. दोन वेळांमध्ये तीन-चार सेकंद शांत ठेवा, नाहीतर "गुरुवारी टाकीसमोर" असं एक होऊन जातं

बी-४०२ काकू: दादा माझी ब्याडगी दोनच किलो लागते, मग मला पैसे पडणार?

गाळा ३ मिरचीवाले दादा: काकू ताईंची तीन किलो आहे, दोघी मिळून एकच बिल करा, पाच होतात. कांडायचं वेगवेगळं करून देईन

ए-२०३ ताई: माझी संकेश्वरी आहे हां, काकूंच्या ब्याडगीत मिसळू नका

गाळा ३ मिरचीवाले दादा: नाही मिसळत ताई. आधी काकूंची घेतो, यंत्र झाडतो, मग तुमची. शुक्रवारी सकाळी नऊला या